लॉनवर पाणी, पाहुण्यांना काय कळवू?

प्रश्न : मुलाचे लग्न हॉलमध्ये झाले. शनिवारी लॉनवर रिसेप्शन आहे, पण हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिलाय. निरोप कधी आणि कसा द्यावा? – एक वरमाई, नाशिक

उत्तर : शनिवारची वाट पाहू नका. मांडव वॉटरप्रूफ असला तरी खालची माती दोन दिवस चिखल धरते आणि ओल्यात वीजजोडण्या धोक्याच्या ठरतात. शुक्रवारी दुपारी आधी लॉनवाल्याकडून नवी तारीख पक्की करा, मग केटररला भाजी-दुधाची खरेदी थांबवायला सांगा आणि त्यानंतरच निरोप धाडा. तारखेविना गेलेला निरोप म्हणजे दोनशे फोनना आमंत्रण!

लोक पहिलीच ओळ वाचतात, म्हणून बदल तिथेच हवा :

‘शनिवार, ४ ऑक्टोबरचे रिसेप्शन पुढे ढकलले आहे. नवी वेळ : रविवार, १२ ऑक्टोबर, सायं. ७. मुसळधार पावसाच्या इशाऱ्यामुळे हा बदल. ठिकाण तेच, त्या दिवशीही पाऊस असल्यास शेजारच्या हॉलमध्ये. परगावाहून निघालेल्यांची राहण्या-जेवण्याची सोय आमच्या घरी आहे, कृपया फोन करावा. (निरोप : शुक्रवार, दु. ३)’

शेवटचा कंस गाळू नका. जुनी पत्रिका ग्रुपवर फिरतच राहते. ताजे कोणते हे वेळेवरूनच कळते. शेजारचा हॉल मात्र आधी बुक करा, नाहीतर ते वाक्य काढा.

मोबाइल न पाहणाऱ्या आजी-आजोबांना आणि गाडीत बसलेल्यांना स्वतः फोन करा. शनिवारी संध्याकाळी लॉनच्या फाटकावर घरचे कुणीतरी उभे राहू द्या. निरोप न मिळालेले एखादे कुटुंब नटूनथटून येतेच.