नाव शेवटी सांगा



२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, वलगावच्या मुलांसमोर मला बोलायचे होते. भाषणासाठी मी एक फोटो नेला होता. मोकळ्या रानात पडलेले मोठे गोल कडे आणि शेजारी उभा माणूस, एवढेच त्यात होते. फोटो कुठला ते सांगितले नाही. अट एकच ठेवली, की नाव शेवटी सांगायचे.

फळ्यावर दोन रकाने केले : ‘दिसते’ आणि ‘वाटते’. पहिला प्रश्न आकाराचा. मुले म्हणाली, गोल, मधून पोकळ. मग रंग आणि पृष्ठभाग. एकाने सांगितले, “जळालेलं हाय.” ते दुसऱ्या रकान्यात गेले, कारण फोटोत फक्त काळे डाग दिसत होते, जळणे हा आपला तर्क.

तिसरा प्रश्न मापाचा. माणसाची उंची साडेपाच फूट धरली. कड्याची रुंदी पट्टीने मोजली तर त्याच्या पावणेदोन पटींहून थोडी जास्त भरली, म्हणजे सुमारे तीन मीटर. हे माप मात्र माणूस कड्याच्या अगदी जवळ उभा असेल तरच खरे. तो कॅमेऱ्याच्या जवळ आला, की कडे लहान वाटू लागते.

चौथा प्रश्न, फोटो काय सांगत नाही? वजन, धातू, आणि ते कुठून आले.

आता नावे. बैलगाडीची धाव? तीन मीटरची नसते. उल्का? ती दगड किंवा लोखंडाचा ओबडधोबड तुकडा असते, घडवलेले कडे नसते. उरले एवढेच, की ही माणसाने बनवलेली मोठी वस्तू आहे. फोटोवरून याच्या पुढे जाता येत नाही.

पुढचे बाहेरच्या माहितीने कळले. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून उजेडाचे अनेक तुकडे एका रांगेत सरकताना दिसले. उल्का बहुधा काही सेकंदांतच विझते; हे तुकडे बराच वेळ दिसत राहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीजवळ हे कडे सापडले. चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा फेब्रुवारी २०२१ पासून फिरत असलेला टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता, हे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडोवेल यांनी दाखवले. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यासही तीन मीटर. वेळ, जागा आणि माप तिन्ही जुळले, तेव्हा नाव मिळाले.

नाव घाईने दिले तर धोका असतो. ‘भंगार’ म्हटले की कोणीतरी उचलायला धावतो, आणि अग्निबाणाच्या अशा अवशेषांत विषारी इंधन उरलेले असू शकते. म्हणून शेतात अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका. लांबून फोटो घ्या, चार प्रश्नांची उत्तरे लिहा आणि पोलीस पाटलांना कळवा. त्या दिवशी मुलांनी हे चार प्रश्न वहीत उतरवून घेतले.