डिपॉझिटचा मेल

१. मेल वाचणारा माणूस घरमालक असेलच असं नाही. जळगावातला फ्लॅट सोडला तेव्हा मालककाका धुळ्याला राहत होते आणि त्यांचे मेल मुलगा बघायचा. त्याने ना माझं घर पाहिलं होतं, ना काकूंशी झालेलं चहावरचं बोलणं ऐकलं होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘विश्वास’ हा शब्द बराच होता, तारीख मात्र एकही नव्हती. मग सगळं पुसून लिहिलं: करार १ जुलै २०२३ ते ३१ मे २०२४, डिपॉझिट ३०,००० रुपये बँकेतून दिलं, ३१ मेला किल्ल्या दिल्या. भावना आटल्या आणि मेल एका स्क्रीनवर मावला.

२. घर ‘जसंच्या तसं’ परत दिलं, असं मी लिहिणार होतो. पण जळगावच्या उन्हाळ्यात खिडकीत कूलर लावलेलं घर जसंच्या तसं राहत नाही. बोअरचं पाणी, त्यात क्षार. खिडकीखालच्या भिंतीवर पांढरे ओघळ आले होते आणि पोपडे सुटले होते. नळांवर बसलेला पांढरा थर किंवा फिकट पडलेला रंग ही वापराची झीज. तिचा खर्च भाडेकरूने का द्यावा? पण कूलरची गळती माझी होती. तेवढ्या भिंतीचे रंगाऱ्याने सांगितलेले १,२०० रुपये मीच मेलमध्ये लिहून टाकले. त्यामुळे ‘सगळ्या घराला रंग मारावा लागेल’ हे काकांचं वाक्य एकदम लहान झालं. सोबत प्रत्येक खोलीचे आणि वीज मीटरच्या आकड्याचे, किल्ल्या देण्याच्या दिवशीचे फोटो जोडले. महावितरणचं शेवटचं बिल आपण गेल्यावर येतं, आणि फोटो नसला की पुढच्या भाडेकरूचे युनिटही आपल्याच नावावर चढू शकतात. त्या आकड्यापर्यंतचे १,८४० रुपये धरले. उरले २६,९६०.

३. ‘लवकरात लवकर’ ही मुदतच नव्हे. आमच्या करारात परतीचे दिवस लिहिले नव्हते, म्हणून बिल येऊन हिशेब जुळावा इतका वेळ सोडून ‘शुक्रवार, २१ जून २०२४ पर्यंत’ असं लिहिलं. खाली एक ओळ: ‘आणखी काही कापायचं असल्यास त्या तारखेआधी पावतीसह कळवावं, काका.’ धमकी पहिल्या मेलमध्ये नकोच. वकिलाची नोटीस नंतरही पाठवता येते, आणि पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षं असतात.

४. करार नोंदवलेला होता म्हणून हे सगळं सोपं गेलं. नोंदणीची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे मालकाची. लेखी नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मला मुलाच्या उत्तरानंतर कळलं. त्याने फक्त रंगाऱ्याचा नंबर मागितला होता.