नफ्याचा स्क्रीनशॉट नको, तोट्याची फोड द्या

ज्युनियर डेरिव्हेटिव्ह्ज अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी आलेले अर्ज वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. अर्जदार बहुतेक बी.कॉम. झालेले असतात, आणि त्यांच्या पत्रांत एक वाक्य हमखास येतं: ‘ऑप्शन सेलिंगमधून मी दरमहा सातत्याने नफा काढतो.’ सोबत मोबाइलचा हिरवागार स्क्रीनशॉट. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले होते. त्यामुळे असं वाक्य वाचलं की माझ्या मनात कौतुकाआधी शंका येते. शिवाय नफा कशामुळे झाला हे विचारलं की पुढचं संभाषण सहसा ‘मार्केट वर जाणार असं वाटलंच होतं’ इथे संपतं.

एका मुलीचं पत्र मात्र बाजूला काढून ठेवलं. सगळं मिळून एक पान, आणि त्याच्या मधोमध फसलेल्या पेपर ट्रेडचा एक परिच्छेद. थोडक्यात तो असा होता:

‘शेअर 1,000 रुपयांवर होता, तिमाही निकाल दुसऱ्या दिवशी होते, एक्स्पायरीला नऊ दिवस होते. मी 1,000 चा कॉल 30 रुपयांना घेतला. त्यात इम्प्लाइड व्होलॅटिलिटी 48 टक्के धरलेली होती. निकाल चांगले आले, शेअर 1,015 झाला, तरी कॉल 23.75 वर आला. 400 च्या लॉटवर 2,500 रुपये गेले. शेअर वाढल्यामुळे सव्वाआठ रुपये मिळाले, एक दिवस सरल्यामुळे पावणेदोन गेले, आणि निकालाची अनिश्चितता संपून व्होलॅटिलिटी 26 वर आल्यामुळे पावणेतेरा गेले. दिशा बरोबर होती. किंमत महाग दिली होती.’

या फोडीत डेल्टा, थीटा आणि व्हेगा हे तिन्ही येतात, पण तिने त्यांची नावंसुद्धा घेतली नव्हती. व्याख्या पाठ करून हे लिहिता येत नाही. पुढची ओळ तर मला जास्त आवडली: त्याच स्ट्राइकचे कॉल आणि पुट मिळून 60 रुपयांना होते, म्हणजे एक्स्पायरीपर्यंत साधारण सहा टक्के हालचाल बाजाराने आधीच भावात धरली होती. दीड टक्क्याने कॉल घेणाऱ्याचं भागणार नव्हतंच, आणि हा आकडा आदल्या दिवशीही समोर होता.

मग तिने पर्याय मांडला होता. सोबत 1,040 चा कॉल 15 ला विकला असता, तर स्प्रेड 15 रुपयांना पडला असता. दुसऱ्या दिवशी विकलेला कॉल सव्वासहावर येतो, म्हणजे स्प्रेडची किंमत साडेसतरा आणि लॉटमागे हजार रुपये नफा, दलाली आणि कर सोडून. व्होलॅटिलिटी पडल्यावर विकलेला कॉलही स्वस्त होतो, म्हणून धक्का कमी बसतो. पण शेअर सहा टक्के उसळला असता तर नुसत्या कॉलने खूप जास्त दिलं असतं, आणि स्प्रेडला कितीही झालं तरी 25 रुपयांपेक्षा जास्त मिळाले नसते, हेही तिने लिहिलं होतं. ही बाजू लपवणारी पत्रं जास्त येतात.

मुलाखतीत मी तिला एकच खोचक प्रश्न विचारला: ‘1,040 चा कॉल खरंच 15 ला विकला गेला असता का?’ ती म्हणाली, ‘सर, 15 हा शेवटचा व्यवहार झालेला भाव होता. खरेदीदार सव्वातेरा द्यायला तयार होते, आणि ते मी तक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवलंय. त्या भावाने नफा हजाराऐवजी तीनशे.’ पेपर ट्रेड करणाऱ्यांनी इथे सावध राहावं. शेअरच्या ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी दरी असते, आणि शेवटचा भाव धरून मांडलेला नफा कागदावरच राहतो. बाहेर पडतानाही ती दरी पुन्हा भरावी लागते, हे तिच्या तीनशेमध्ये धरलेलं नव्हतं. विचारल्यावर तिने ते लगेच मान्य केलं.

पत्र लिहिणाऱ्यांनी आणखी एक ओळ घालावी: एक्स्पायरीपर्यंत थांबलात तर काय? आपल्याकडे शेअरचे ऑप्शन प्रत्यक्ष डिलिव्हरीने सुटतात. 1,000 चा कॉल पैशात राहिला, तर 400 शेअरसाठी चार लाख रुपये लागतात, आणि शेवटच्या काही दिवसांत डिलिव्हरी मार्जिन टप्प्याटप्प्याने चढतं. जोखीम सांभाळणाऱ्या टेबलवर नव्या माणसाकडून पहिल्या महिन्यात हेच विचारलं जातं.

सहा धोरणांची नावं ओळीने लिहू नका. एकच ट्रेड घ्या आणि तो शेवटच्या रुपयापर्यंत सोडवा. एनआयएसएमची इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची परीक्षा दिली असेल तर एक वाक्य पुरे. तक्ता सोबत जोडा आणि कोणता भाव कुठल्या वेळी घेतला ते त्यातच लिहा. पत्रातले आकडे मी त्या तक्त्यावरूनच पडताळतो.