जादा शिफ्टने बँड बदलत नाही

मुलगी ब्रिटनमध्ये नर्स आहे, सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी करते, तरी बँड 5 सुटत नाही, अशी काळजी घेऊन आई-वडील माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी एवढंच विचारते: ती जे जास्तीचं करते, ते त्याच प्रकारचं काम आहे की वेगळ्या प्रकारचं? एनएचएसमध्ये सगळं याच उत्तरावर अडतं.

तिथे 2004 पासून ‘अजेंडा फॉर चेंज’ ही वेतनरचना आहे. तिच्यात बँड माणसाला मिळत नाही, पदाला मिळतो. पदाची 16 निकषांवर तपासणी होते आणि प्रत्येक निकषाला पायरीनुसार गुण असतात. बेरीज 326 ते 395 आली तर बँड 5, 396 ते 465 आली तर बँड 6. शारीरिक श्रमांना सर्वांत वरच्या पायरीवरही 25च गुण आहेत, तर पदासाठी लागणाऱ्या ज्ञान-प्रशिक्षण-अनुभवाला 240 पर्यंत. किती रुग्ण पाहिले, किती शिफ्ट केल्या, याला निकषच नाही. जादा शिफ्टचे पैसे तासावर मिळतात आणि मामला तिथे संपतो. नोकरीची वर्षं वाढली की पगार वाढतो, पण बँडच्या आतल्या आत.

हे किती काटेकोर आहे ते आरोग्य सहायकांच्या प्रकरणात दिसलं. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांच्या पदांची राष्ट्रीय वर्णनं सुधारली गेली. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं अशी वैयक्तिक शुश्रूषा म्हणजे बँड 2, आणि रक्तदाब-नाडीच्या नोंदी, रक्ताचे नमुने घेणं अशी क्लिनिकल कामं म्हणजे बँड 3, असा फरक स्पष्ट झाला. ‘युनिसन’ या कामगार संघटनेने तो धरून मोहीम चालवली. आम्ही फार राबतो, यावर त्यांचा भर नव्हता. रोज करतो ती कामं वरच्या बँडची आहेत, हे त्यांनी दाखवलं, आणि अनेक ट्रस्टमधल्या सहायकांना बँड 3 मिळाला.

आता नर्सचं उदाहरण घेऊ. समजा, डायलिसिस विभागातल्या एका नर्सच्या पदाचे 360 गुण आहेत. तिने महिन्याला चार रात्रपाळ्या वाढवल्या, तरी 360च राहणार. त्याऐवजी मॅनेजरने तिच्यावर कॅथेटर-संसर्गाच्या तपासणीची जबाबदारी सोपवली. तिने सुचवलेली नवी पद्धत ट्रस्टच्या दुसऱ्या विभागांतही लागू झाली. धोरण आणि सेवा या निकषात स्वतःच्या विभागापलीकडे परिणाम करणारे बदल सुचवणं ही तिसरी पायरी आहे. तिथे 5 चे 21 होतात. नव्या नर्सना नियमित शिकवणं तिच्या कामाचा भाग झालं, की मनुष्यबळाच्या निकषात 5 चे 12. रोजचे निर्णय ती व्यापक धोरणाच्या चौकटीत स्वतः घेऊ लागली, तर निर्णयस्वातंत्र्याच्या निकषात 21 चे 32. एकूण वाढ 34, बेरीज 394. बँड 6 ला अजून दोन गुण कमी!

अडतं ते ज्ञानाच्या निकषावर. पदाला पदवीपलीकडचं, पदव्युत्तर डिप्लोमाच्या तोडीचं विशेष ज्ञान लागतं असं ठरलं, तर 120 चे 156 होतात आणि बेरीज 430 वर जाते. पण ते ज्ञान पदाला लागलं पाहिजे. घरच्यांच्या आग्रहाने मुलीने एमएस्सी केली आणि काम तेच राहिलं, तर या तक्त्यात त्याचा एकही गुण नाही. कर्ज काढून अभ्यासक्रमाला बसवण्याआधी पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

म्हणून दावा जॉब डिस्क्रिप्शनपासून सुरू होतो. जुनं वर्णन समोर ठेवून, कोणतं काम कधीपासून बदललं आणि ते कोणी सोपवलं, हे लिहायचं. ‘मी संसर्ग-तपासणीत मदत करते’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘मार्चपासून तपासणीची आखणी मी करते, निष्कर्ष तीन विभागांच्या बैठकीत मांडते, त्यावरून कॅथेटर हाताळण्याची पद्धत बदलली’ यात जबाबदारीची हद्द कळते. सोबत बैठकीचं इतिवृत्त, नव्या पद्धतीची प्रत. सुधारलेल्या वर्णनाला मॅनेजरची संमती मिळाली की ते व्यवस्थापन आणि कर्मचारी, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या पॅनेलकडे जातं. पॅनेल ते आधी राष्ट्रीय वर्णनांशी ताडून पाहतं. निकाल पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत फेरविचार मागता येतो.

सर्वांत जास्त दावे फसतात ते मॅनेजरच्या संमतीपाशी. मुलीने हौसेने अंगावर घेतलेलं काम ट्रस्टला त्या पदाकडून नकोच असेल, तर ट्रस्ट ते काढून घेऊ शकतो, आणि मग पॅनेलकडे नेण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे नवी जबाबदारी घेतानाच, ही माझ्या पदाचा भाग आहे का, असं ईमेलवर विचारून ठेवावं. उत्तर ‘नाही’ आलं तरी तो अनुभव वाया जात नाही. बँड 6 ची जागा दुसऱ्या वॉर्डात किंवा दुसऱ्या ट्रस्टमध्ये जाहीर होते, तेव्हा अर्जातल्या निवेदनात हीच वाक्यं त्या जागेच्या अटींसमोर एकेक करून मांडता येतात, आणि तिथे सध्याच्या मॅनेजरने वर्णन बदलून देण्याची वाट पाहावी लागत नाही.