ईसीजीतला आकडा वाढला, गोळ्या थांबवू का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एमडीआर टीबी आहे. सहा महिन्यांच्या तोंडी औषधांचा दुसरा महिना सुरू आहे. ईसीजीत क्यूटीसी ४३० वरून ४८० झाला. उलट्याही होतात. गोळ्या थांबवू का?

उत्तर : स्वतःहून थांबवू नका. क्यूटीसी म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. या उपचारातली बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही तो लांबवतात. पाचशेच्या वर गेल्यास ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. तेव्हा डॉक्टर ही औषधे थांबवतात. ४८० ला कारण शोधायचे असते.

तुमच्या भावाच्या बाबतीत ते उलट्यांत असू शकते. उलट्यांनी पोटॅशियम घटते, त्यानेही क्यूटीसी लांबतो. शिवाय उलटीसाठी दुकानातून आणलेली डॉम्पेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन भर घालते. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा, पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासा आणि ईसीजी लवकर पुन्हा काढा. भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा छाती धडधडली तर तडक रुग्णालय गाठा.

बेडाक्विलिन जेवणासोबत द्या. गोळी घेताना त्याच्याजवळ बसा आणि त्रास विचारा. पायांना मुंग्या येणे, नजर धूसर होणे हे याच उपचारातल्या लिनेझोलिडच्या दुष्परिणामांचे इशारे आहेत. तेही लगेच कळवा.