कार्यक्षम वाटणी आणि न्याय्य वाटणी

‘कार्यक्षमता’ म्हटले की चटपटीत, काटकसरीचे काम डोळ्यांसमोर येते. अर्थशास्त्रात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. ज्या स्थितीत कोणा एकाचे नुकसान केल्यावाचून दुसऱ्या कोणाचाही लाभ करता येत नाही, ती स्थिती कार्यक्षम होय. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो परेटो यांच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते.

वसतिगृहातील पंगतीचे उदाहरण घेऊ. टोपलीत दहा भाकरी आहेत. जेवणारे विद्यार्थी दोन, आणि दोघेही इतके भुकेले की मिळेल ती भाकरी हवीच आहे. प्रत्येकी चार वाढून दोन भाकरी शिळ्या होऊ दिल्या, तर ती वाटणी समान असली तरी कार्यक्षम नाही. कारण आणखी एकेक वाढली असती तर कोणाचेही न घटता दोघांचे भले झाले असते. पाच-पाच ही वाटणी कार्यक्षम आहे. पण एकाला नऊ आणि दुसऱ्याला एक, ही वाटणीही तितकीच कार्यक्षम ठरते! एक भाकरी मिळालेल्याला दुसरी द्यायची, तर ती नऊवाल्याच्या ताटातूनच काढावी लागेल, म्हणजे त्याचे नुकसान होईल. काही वाया गेले का, एवढेच ही कसोटी विचारते. कोणाच्या ताटात किती पडले, हे ती विचारतच नाही.

आता पंगतीतून गावाकडे वळू. कोकणात खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून त्याहून अधिक वसूल करी. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. गावात एक दाणाही वाया जात नव्हता असे क्षणभर गृहीत धरले, तरी कुळांचा वाटा वाढताच खोताचा घटणार. म्हणून वरील कसोटी या सुधारणेला कधीच संमती देऊ शकत नाही. खोताला पुरेपूर भरपाई दिली तर त्याचे नुकसान टळेल हे खरे. पण ती भरपाई कुळांनीच भरायची असेल, तर त्यांच्या पदरात काय उरेल?

येथेच या कसोटीची मर्यादा उघडी पडते. लाभ आणि हानी ती आजच्या मालकीपासून मोजू लागते. ती मालकी कशी आली, हे पाहत नाही. म्हणून खोताचे अधिकार जाणे तिला ‘नुकसान’ दिसते. कुळाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वंचित राहणे मात्र तिच्या हिशेबात येतच नाही.

याचा अर्थ कार्यक्षमता टाकाऊ आहे असा नव्हे. शिळ्या होणाऱ्या दोन भाकरी वाढल्याच पाहिजेत. परंतु ‘कोणाचेही नुकसान न होता सुधारणा करू’ असे कोणी म्हणाले, तर हिशेब कोठून सुरू केला आहे, हे आपण आधी विचारले पाहिजे.