पहिली नोकरी लांबली तर कर्जाचा हप्ता

नारायणगुड्यातील एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षी आरंभी एक लाख, असे एकूण चार लाख रुपये १० टक्के सरळ व्याजाने घेतले असे समजू. शिक्षणानंतर साधारणतः एक वर्ष हप्ता नसतो. तोवर व्याज साचते १,४०,००० रुपये. ते मुद्दलात मिळवून ५,४०,००० रुपयांवर हप्ते बांधले जातात.

हे वर्ष सरत आले आणि नोकरी नाही, तर पहिल्या हप्त्यापूर्वी महिनाभर तरी शाखेत लेखी अर्ज द्यावा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत बेकारीच्या काळासाठी मुदतवाढीची तरतूद आहे. मंजुरी मात्र बँकेकडे. अर्जावर सहकर्जदार पालकांची सही असावी, नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती जोडाव्यात आणि पोच घ्यावी. पोच म्हणजे मंजुरी नव्हे! लेखी होकार येईपर्यंत हप्ता थकलेलाच मोजतात आणि ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते.

मुदतवाढ फुकट नसते. वरील रकमेवर महिन्याला ४,५०० रुपये व्याज चढते, सहा महिन्यांत २७,०००. घरून निदान तेवढे भरता आले तर मुद्दल वाढत नाही.

दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम बदलला. व्याजदरावर जादा दंडव्याज चढवता येत नाही. वेगळा दंड-आकार घेता येतो, पण त्या आकारावर पुन्हा व्याज लावता येत नाही. खातेउताऱ्यात तसे आढळल्यास शाखेकडे लेखी खुलासा मागावा.